रामानुजनांचा ७२३ वा प्रश्न

इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात वाचकांना सोडवण्यासाठी प्रश्न छापले जात. १९१५ साली त्यात ७२३ क्रमांकाचा एक प्रश्न आला. पाठवणारे होते श्रीनिवास रामानुजन. ते तेव्हा केंब्रिजला होते, पण मायदेशातल्या या नियतकालिकाला प्रश्न पाठवणं त्यांनी थांबवलं नव्हतं. या सोसायटीचं आपल्याकडचं नातंही जुनं आहे. सुरुवातीच्या काळात तिचं ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होतं. प्रश्नात तीन सूत्रं दिली होती आणि ती सिद्ध करा, एवढंच म्हटलं होतं. आजच्या चिन्हांत लिहिलं तर त्यांतलं पहिलं सूत्र असं:

⌊n/३⌋ + ⌊(n+२)/६⌋ + ⌊(n+४)/६⌋ = ⌊n/२⌋ + ⌊(n+३)/६⌋

इथे n म्हणजे १, २, ३ यांसारखी कोणतीही धन पूर्णांक संख्या. रामानुजन म्हटलं की आपल्याला अनंत श्रेढी आणि पायची अजब सूत्रं आठवतात. त्यातलं इथे काहीच नाही. बेरीज आहे, भागाकार आहे आणि फक्त खालच्या बाजूला वळलेले ते कंस आहेत. कंसांचा अर्थ एकदा सांगितला की शाळकरी मुलगीसुद्धा n च्या जागी २५ घालून सूत्र पडताळू शकते. डावीकडे ८ + ४ + ४ येतात, उजवीकडे १२ + ४ येतात, दोन्हीकडे १६. पण हे प्रत्येक n साठी का जमावं, ते सूत्राकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी उमगत नाही. त्यासाठी एक युक्ती लागते. संख्येचे दोन तुकडे करायचे, पूर्णांक एका बाजूला काढायचा, उरलेला अपूर्णांक दुसऱ्या बाजूला, आणि मग फक्त त्या अपूर्णांकावर नजर ठेवायची.

आधी कंसांचा अर्थ. ⌊x⌋ म्हणजे x पेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक. याला फ्लोअर म्हणतात. ⌊३.७⌋ म्हणजे ३, आणि ⌊५⌋ म्हणजे ५च. कंस वरच्या बाजूला वळले की ते सीलिंग: ⌈x⌉ म्हणजे x पेक्षा लहान नसलेला सर्वांत लहान पूर्णांक. ⌈३.७⌉ म्हणजे ४, आणि ⌈५⌉ पुन्हा ५च. गाउस यांनी १८०८ मध्ये फ्लोअरसाठी साधा चौकटी कंस वापरला होता आणि रामानुजनांनीही तोच वापरला. आजची चिन्हं आणि ही दोन्ही नावं केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ मध्ये रूढ केली.

आपण वय सांगताना म्हणतो, ‘चाळीस पूर्ण झाली, एक्केचाळिसावं चालू आहे.’ वय ४०.३ वर्षं असेल तर ‘पूर्ण झालेली’ वर्षं म्हणजे फ्लोअर, ४०, आणि ‘चालू’ असलेलं वर्ष सीलिंगसारखं, ४१. मात्र नेमक्या चाळिसाव्या वाढदिवशी हे जुळत नाही. त्या दिवशी x बरोबर ४० असतो, फ्लोअरही ४० आणि सीलिंगही ४०. पण एक्केचाळिसावं तर त्याच सकाळी लागलेलं असतं. म्हणजे ‘चालू वर्ष’ हे खरं तर ⌊x⌋ + १ आहे, ⌈x⌉ नव्हे. एरवी दोन्ही सारखेच दिसतात, पूर्णांकावर पाय पडला की वेगळे होतात. या विषयातल्या बहुतेक चुका अशा काठावरच होतात, म्हणून काठ आधी तपासायची सवय लावून घ्यावी.

आता तुकडे करू. कोणतीही संख्या x घ्या आणि ती अशी लिहा:

x = k + f, जिथे k = ⌊x⌋ आणि ० ≤ f < १

k हा पूर्णांक भाग, f हा अपूर्णांक भाग. ३.७ साठी k = ३, f = ०.७. f शून्य असू शकतो, पण १ कधीच होत नाही. एका बाजूला ≤ आणि दुसऱ्या बाजूला < आहे, त्यातच पुढची सगळी सिद्धता दडलेली आहे. या लिखाणाचा फायदा असा, की फ्लोअरच्या आतून पूर्णांक सहज बाहेर काढता येतो: ⌊k + f⌋ = k + ⌊f⌋. पूर्णांकानं काही गुंता होत नाही, जो काही गुंता आहे तो f मध्ये, आणि f तर ० ते १ एवढ्याशा जागेत अडकलेला आहे. सगळ्या संख्यारेषेवर धावण्याऐवजी तेवढी जागा तपासली की काम होतं.

ऋण संख्यांपाशी मात्र पुष्कळ जण अडखळतात. −२.३ चा पूर्णांक भाग कोणता? दशांशचिन्हापुढचे अंक नुसते खोडले तर −२ उरतात, पण −२ हा −२.३ पेक्षा मोठा आहे. फ्लोअर म्हणजे −३, आणि अपूर्णांक भाग ०.७. ‘−२ आणि −०.३’ अशी फोड इथे चालत नाही, कारण f ऋण असता कामा नये. हा नियम कशासाठी, ते पुढच्या सूत्रावरून दिसेल.

सूत्र असं: ⌊x⌋ + ⌊x + १/२⌋ = ⌊२x⌋. डावीकडचं दुसरं पद ओळखीचं आहे. X मध्ये अर्धा मिळवून फ्लोअर घेणं म्हणजे जवळच्या पूर्णांकात बदलणं. सिद्धतेसाठी x = k + f ठेवू. उजवीकडे २k + ⌊२f⌋ येतं. डावीकडे k + k + ⌊f + १/२⌋. दोन्हीकडचे २k गेले, आणि प्रश्न एवढाच उरला की ⌊f + १/२⌋ आणि ⌊२f⌋ सारखे आहेत का. f अर्ध्याहून कमी असेल तर f + १/२ हा १ च्या आत राहतो आणि २f सुद्धा १ च्या आत राहतो. दोन्ही फ्लोअर शून्य. f अर्धा किंवा त्याहून जास्त असेल तर f + १/२ हा १ किंवा जास्त, पण २ पेक्षा कमी. २f चंही तसंच. दोन्ही फ्लोअर १. तिसरी शक्यता नाही. सिद्धता संपली, आणि ती शून्यासाठी, अपरिमेय संख्यांसाठी, ऋण संख्यांसाठी, सगळ्यांसाठी झाली.

ऋण संख्यांसाठी झाली ती f ऋण नसल्यामुळेच. अंक खोडून पूर्णांक काढला तर काय होतं, ते पायथनमध्ये लगेच दिसतं. त्यातलं floor खरं फ्लोअर देतं, तर int दशांशापुढचं नुसतं खोडतं:

```python
import math
x = -2.3
print(math.floor(x) + math.floor(x + 0.5), math.floor(2*x))
print(int(x) + int(x + 0.5), int(2*x))
```

पहिल्या ओळीत −५ आणि −५ येतात. दुसऱ्या ओळीत −३ आणि −४. एकच सूत्र, एकच संख्या, पण int ठेवल्याबरोबर सूत्र मोडलं. धन संख्यांवर दोन्ही पद्धती सारखंच उत्तर देतात, त्यामुळे ही चूक बराच काळ लपून राहू शकते.

अर्ध्याच्या जागी तिसरा, चौथा किंवा n वा हिस्सा घेतला तरी हेच चालतं. शार्ल एर्मित यांच्या नावानं ओळखलं जाणारं सर्वसाधारण सूत्र असं आहे:

⌊x⌋ + ⌊x + १/n⌋ + ⌊x + २/n⌋ + … + ⌊x + (n−१)/n⌋ = ⌊nx⌋

आधी एक उदाहरण हातानं करून पाहू. x = ३.७ आणि n = ५. डावीकडच्या संख्या ३.७, ३.९, ४.१, ४.३, ४.५. त्यांचे फ्लोअर ३, ३, ४, ४, ४, बेरीज १८. उजवीकडे ५ × ३.७ = १८.५, फ्लोअर १८. जमलं. आता हे नीट पाहा: पाचही पदांत किमान ३ आहेत, म्हणजे १५ तर मिळणारच होते. वरचे ३ आले ते तीन पदांनी ४ ची हद्द ओलांडली म्हणून. ओलांडणारी पदं तीनच का? कारण f = ०.७ हा ३/५ आणि ४/५ यांच्यामध्ये आहे.

सिद्धताही हीच. ० ते १ ही जागा n समान भागांत कापा. f त्यांतल्या कुठल्या तरी एका भागात पडणार. समजा r/n ≤ f < (r+१)/n. मग nf हा r आणि r+१ च्या मध्ये, म्हणून उजवी बाजू nk + r. डावीकडच्या प्रत्येक पदात k आहेच, ते झाले nk. कोणत्या पदात एक जादा मिळतो? जिथे f + j/n हा १ ला पोचतो तिथे. f किमान r/n आहे, म्हणून j = n − r घेतला की पोचतोच. त्याच्या आधीचा j घेतला तर f + j/n हा १ पेक्षा कमीच राहतो, कारण f हा (r+१)/n पेक्षा कमी आहे. म्हणजे j = n−r पासून n−१ पर्यंतची पदं हद्द ओलांडतात, आणि ती मोजून r आहेत. दोन्ही बाजू nk + r. f ची खालची बाजू ≤ नं बांधलेली आणि वरची < नं, हे या सिद्धतेत दोन वेगळ्या जागी कामाला आलं. त्यांतलं एक चिन्ह जरी चुकलं असतं तरी एखादं पद इकडचं तिकडे गेलं असतं.

सीलिंगसाठी वेगळी मेहनत नको. ⌈x⌉ = −⌊−x⌋ असतं, म्हणून वरच्या सूत्रात x च्या जागी −x घालून चिन्हं बदलली की सीलिंगचं सूत्र तयार होतं; फक्त १/n मिळवण्याऐवजी वजा करावे लागतात. n = २ साठी ⌈x⌉ + ⌈x − १/२⌉ = ⌈२x⌉. ३.२ वर पाहा: ४ + ३ = ७, आणि ६.४ चं सीलिंग ७.

आता रामानुजनांच्या सूत्राकडे वळू. n/६ ला x म्हणा. मग n/३ म्हणजे २x, n/२ म्हणजे ३x, आणि (n+२)/६, (n+३)/६, (n+४)/६ म्हणजे अनुक्रमे x + १/३, x + १/२, x + २/३. सूत्र असं दिसू लागतं:

⌊२x⌋ + ⌊x + १/३⌋ + ⌊x + २/३⌋ = ⌊३x⌋ + ⌊x + १/२⌋

एर्मितचं सूत्र तिनासाठी लावलं तर ⌊x + १/३⌋ + ⌊x + २/३⌋ म्हणजे ⌊३x⌋ − ⌊x⌋. दोनासाठी लावलं तर ⌊२x⌋ म्हणजे ⌊x⌋ + ⌊x + १/२⌋. दोन्हींची बेरीज केली की ⌊x⌋ उडून जातो आणि उजवी बाजू जशीच्या तशी समोर येते. दोन ओळींत काम झालं. शिवाय x पूर्णांकाचा सहावा हिस्सा आहे, याचा आपण कुठेच वापर केला नाही. म्हणजे सूत्र सगळ्या वास्तव संख्यांसाठी खरं ठरलं. माझ्या मते हे या तिघांतलं सर्वांत सुंदर सूत्र आहे. दुमडलेल्या कंसांच्या त्या रांगेमागे ‘दोनाचं एर्मित’ आणि ‘तिनाचं एर्मित’ एकमेकांत गुंफून ठेवलेली आहेत, आणि गाठ कुठे आहे ते x = n/६ लिहिल्याशिवाय दिसत नाही.

तिसऱ्या सूत्राची जात वेगळी आहे: ⌊√n + √(n+१)⌋ = ⌊√(४n+२)⌋. वर्गमुळांचे पूर्णांक आणि अपूर्णांक भाग वेगळे करून बेरीज करायला गेलं तर हात बांधले जातात. कारण दोन संख्यांच्या बेरजेचं फ्लोअर त्यांच्या फ्लोअरच्या बेरजेइतकं असेल किंवा एकनं जास्त असेल, आणि ते ठरतं दोघांचे अपूर्णांक भाग मिळून १ होतात की नाही यावर. २.६ आणि ३.७ ची बेरीज ६.३, फ्लोअर ६. पण वेगवेगळी फ्लोअर २ आणि ३, बेरीज ५. वर्गमुळांच्या अपूर्णांक भागांची अशी मोजदाद कोण करणार?

म्हणून इथे प्रश्न उलटा विचारायचा. दोन संख्यांचे फ्लोअर वेगळे असतील तर त्यांच्या दरम्यान एखादा पूर्णांक असलाच पाहिजे, नेमका असा की लहान संख्या त्याच्या आत आणि मोठी त्याच्यावर किंवा त्याच्या पुढे. तो नाही हे दाखवलं की पुरे. √n + √(n+१) चा वर्ग करा: २n + १ + २√(n² + n). यातलं √(n² + n) हे n पेक्षा मोठं आणि n + १/२ पेक्षा लहान आहे, म्हणून वर्ग ४n + १ आणि ४n + २ यांच्या मध्ये पडतो. आता समजा मध्ये एक पूर्णांक m आलाच. मग m² हा ४n + १ पेक्षा मोठा आणि ४n + २ पेक्षा मोठा नसलेला पूर्णांक, म्हणजे बरोबर ४n + २. पण कोणत्याही पूर्णांकाच्या वर्गाला ४ नं भागलं तर बाकी ० किंवा १ उरते, २ कधीच उरत नाही. असा m नाही, म्हणून फ्लोअर सारखेच. बाकी ३ सुद्धा कधी उरत नाही, त्यामुळे उजवीकडे ४n + २ ऐवजी ४n + ३ लिहिलं तरी सूत्र टिकतं.

दुसरं सूत्र ⌊१/२ + √(n + १/२)⌋ = ⌊१/२ + √(n + १/४)⌋ असं आहे. ते याच वाटेनं सुटतं. मध्ये m आहे असं माना, m − १/२ चा वर्ग करा, आणि m² − m हा पूर्णांक आहे याकडे लक्ष ठेवा. कागदावर तीन ओळी लागतात, त्या वाचकांनी स्वतः लिहून पाहाव्यात.

एवढी सिद्धता कशाला, संगणकावर पहिल्या लाखभर संख्या तपासल्या तर भागणार नाही का, असं कुणी विचारेल. एक अडचण यंत्राची आहे. संगणक दशांश साधारण सोळा अंकांपर्यंतच सांभाळतो, त्यामुळे पायथनला math.floor(0.29*100) विचारलं तर २९ ऐवजी २८ मिळतात, गुणाकार त्याच्याकडे २८.९९९९९९९९९९९९९९६ असा येतो. पण यंत्र अचूक असलं तरी मोठी अडचण शिल्लक राहतेच, आणि तिचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. बहुमितीय फुली-गोळ्याच्या अभ्यासातून आलेलं हे सूत्र पाहा:

⌈२ / (२^(१/n) − १)⌉ = ⌊२n / ln २⌋

ln २ म्हणजे दोनाचा नैसर्गिक लॉगॅरिदम, सुमारे ०.६९३१. n = ५ साठी डावीकडची संख्या १३.४५००, सीलिंग १४, उजवीकडची १४.४२६९, फ्लोअर १४. पुढे कितीही n घाला, जमतच जातं. का जमतं, ते आपल्या तुकड्यांच्या पद्धतीनं पाहू. डावीकडची संख्या उजवीकडच्या संख्येपेक्षा जवळजवळ १ नं कमी असते, फक्त एक बारीक भर पडते, सुमारे ०.११५५/n. उजवीकडची संख्या k + f लिहिली, तर डावीकडची k − १ + f आणि ती भर. f आणि भर मिळून १ च्या आत राहिले तर सीलिंग k येतं आणि सूत्र खरं ठरतं. f हा १ च्या इतका जवळ असला की ती भर पडताच १ ची हद्द ओलांडली जाईल, तर सीलिंग k + १ होतं आणि सूत्र मोडतं. n = ५ साठी f ला ०.९७७ च्या वर जावं लागलं असतं. N वाढेल तशी ही फट अरुंद होत जाते, पण बंद कधीच होत नाही.

ती फट पहिल्यांदा सापडते n = ७७७४५१९१५७२९३६८ या पंधरा आकडी संख्येला. तिथे उजवीकडच्या संख्येच्या दशांशचिन्हापुढे किमान पंधरा वेळा ओळीनं ९ येतात आणि डावी बाजू उजवीपेक्षा १ नं जास्त निघते. त्याआधीच्या एकाही धन पूर्णांकाला हे सूत्र चुकत नाही.